रील पाहिली, प्रोफाइलवर आला, आणि निघून गेला: बायो, पिन पोस्ट आणि लिंकचं पान कसं लिहायचं

देवगडजवळची एक बाग डोळ्यांसमोर ठेवू. उदाहरणापुरती, पण अशा बागा आता इन्स्टाग्रामवर पुष्कळ दिसतात. घरची कलमं आहेत, एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईला पेट्या जातात, आणि घरातली सून मोबाइलवर खातं सांभाळते. झाडावरून आंबे उतरवतानाची एखादी रील चांगली चालते, हजारो लोक बघतात, त्यातले काहीशे प्रोफाइल उघडतात. ऑर्डरी मात्र येतात पाच-सात. अशा वेळी सल्ला मिळतो, की अजून रील टाका. माझं मत उलटं आहे. माणसं दारापर्यंत येतायत, तर आधी दारावर काय लिहिलंय ते बघा.

प्रोफाइलवर आलेला अनोळखी माणूस मनातल्या मनात काही ठरावीक गोष्टी विचारतो. हे काय विकतात? माझ्या गावात येतं का? केवढ्याला? फसणार तर नाही ना? मागवायचं कसं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बायोने द्यायची, मधल्या दोन प्रश्नांची पिन पोस्टने आणि शेवटचं काम लिंकच्या पानाचं. तिन्ही ठिकाणी तेच तेच लिहिलं, की जागा भरते आणि प्रश्न तसेच राहतात.

हे प्रश्न डोक्याने काढायचेही नाहीत. मागच्या हंगामातल्या व्हॉट्सॲप आणि इन्स्टाच्या चॅट उघडायच्या, ऑर्डर होण्याआधी लोकांनी काय विचारलं ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं आणि एकाच अर्थाच्या प्रश्नांपुढे रेघा मारायच्या. आंब्याच्या बाबतीत रेघा बहुधा चार-पाच प्रश्नांपुढेच साचतात: पेटीत किती, भाव काय, कधी मिळेल, ठाण्याला पाठवता का, खराब निघाला तर? ही वही म्हणजे अर्धं लिखाण झालंच. आता ते कुठे काय ठेवायचं एवढंच उरतं.

बायो

इन्स्टाग्रामच्या बायोत 150 अक्षरं बसतात. मराठीत ती लवकर संपतात, कारण तिथे काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं सुटं मोजलं जातं. ‘हापूस’ आपल्याला तीन अक्षरी वाटतो, तिथल्या हिशोबात तो पाच चिन्हांचा आहे. ‘मध्ये’ही पाच. त्यामुळे शोभेच्या वाक्यांना इथे जागाच नाही. आणि बहुतेक बायो तर शोभेच्या वाक्यांनीच भरलेले असतात: ‘निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या दारी, शंभर टक्के ऑर्गॅनिक, गुणवत्ता हेच आमचं वचन, किमतीसाठी मेसेज करा.’ यात आंबा हा शब्दसुद्धा नाही. हेच वाक्य गुळाला, तुपाला, मधाला चालेल, आणि जे सगळ्यांना चालतं ते वाचणाऱ्याला काही सांगत नाही.

त्यातला ‘ऑर्गॅनिक’ शब्द तर जपून वापरावा. तो शब्द आला की एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांचं प्रमाणपत्र आहे का, असं जाणकार गिऱ्हाईक विचारणार. प्रमाणपत्र असेल तर जरूर लिहा. नसेल तर काय फवारता आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवता, हे पोस्टमध्ये सरळ सांगितलेलं जास्त पटतं.

आपल्या बागेचा बायो मी असा लिहीन:

आमच्या देवगडच्या बागेतला हापूस.
पुणे-मुंबईत घरपोच, एप्रिल-मे.
2 डझनची पेटी; दर पिन पोस्टमध्ये.
खराब फळाची भरपाई.
ऑर्डर खालच्या लिंकवर

मोकळ्या जागा आणि ओळी धरून ही 133 चिन्हं होतात. पहिल्या ओळीत वस्तू आणि गाव आहे, आणि ‘आमच्या बागेतला’ म्हटल्यामुळे मधला व्यापारी नाही हेही आलं. दुसऱ्या ओळीने नागपूरच्या माणसाला थांबवलं. तो आपला ग्राहक नाही हे त्याला लगेच कळलं, आणि त्याला ‘सॉरी, तिकडे पाठवत नाही’ असं लिहिण्याचा आपला वेळ वाचला. भाव बायोत घातला नाही, कारण हापूसचा भाव हंगामाच्या सुरुवातीला चढा असतो आणि मे महिन्यात आवक वाढली की उतरतो. पण भाव कुठे आहे ते सांगितलं. भाव लपवलेला दिसला की माणूस समजतो, तोंड बघून सांगणार. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांचा रोखही हाच आहे, की ग्राहकाला सगळं धरून एकूण किंमत आधी दिसावी.

बायोच्या वर ठळक अक्षरांत जे नाव दिसतं, त्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. ही जागा 64 अक्षरांची आहे आणि शोधताना ती उपयोगी पडते. तिथे फक्त बागेचं नाव घातलं, तर ते नाव आधीपासून माहीत असलेल्यालाच तुम्ही सापडाल. अनोळखी माणूस शोधताना काय टाइप करतो? मराठी माणूससुद्धा बऱ्याचदा इंग्रजी कीबोर्डवरच असतो. म्हणून दोन्ही लिप्या ठेवाव्यात:

```
Devgad Hapus Pune Mumbai | देवगड हापूस
```

बागेचं स्वतःचं नाव वरच्या युजरनेममध्ये असतंच. ही ओळ नीट विचार करून भरा, कारण ती 14 दिवसांत दोनदाच बदलता येते.

पिन पोस्ट

प्रोफाइलच्या जाळीत सगळ्यात वर तीन पोस्ट पिन करता येतात. लोक तिथे आपली सर्वांत जास्त चाललेली रील लावतात. पण ती रील बघूनच तर माणूस इथवर आला आहे. त्याला आता आंबे उतरवताना पुन्हा पाहायचं नाहीये, त्याला भाव हवाय आणि विश्वास हवाय. त्यामुळे पहिली पिन पोस्ट भाव, माप आणि पोचण्याचे वार सांगणारी. दुसरी, आंबा खराब निघाला तर काय होतं ते सांगणारी. तिसरी, बाग आणि माणसं दाखवणारी. तिसरीबद्दल फार लिहीत नाही, ती बहुतेकांना जमते. त्यात चेहरे दिसू देत, जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची नोंद असेल तर तिचा क्रमांक दिसू दे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले जिल्हे. मानांकन वापरायचं तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, त्यामुळे हा क्रमांक सांगणं म्हणजे नुसती फुशारकी नसते.

भावाच्या पोस्टमध्ये एक गोची असते. भाव चित्रावर मोठ्या अक्षरांत छापला की छान दिसतं, पण पोस्ट केलेल्या चित्रावरचा आकडा नंतर बदलता येत नाही. आठ दिवसांनी भाव उतरतो, जुनी पोस्ट काढून नवी करावी लागते, आणि जुन्या पोस्टखालच्या ‘पेटी मिळाली, छान होता’ अशा सोन्यासारख्या कॉमेंट त्याच्याबरोबर जातात. कॅप्शन मात्र कधीही बदलता येतं. म्हणून चित्रावर उघडलेल्या पेटीचा स्वच्छ फोटो आणि ‘या आठवड्याचा भाव आणि वार, आत वाचा’ एवढंच. आकडे सगळे कॅप्शनमध्ये. कॅप्शन 2,200 अक्षरांचं होऊ शकतं, पण फीडमध्ये सुरुवातीच्या ओळी तेवढ्या दिसतात आणि बाकीचं ‘आणखी’ दाबल्यावर. म्हणून भाव पहिल्याच ओळीत. आपल्या बागेसाठी, आकडे उदाहरणादाखल:

‘15 ते 22 एप्रिलचा भाव: 2 डझनची पेटी, पुणे-मुंबईत घरपोच, सगळं धरून ₹2,200. एक फळ 220 ते 260 ग्रॅम. पेट्या मंगळवारी आणि शुक्रवारी बागेतून निघतात, दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे. फळ कडक आणि हिरवट येईल. गवतात तसंच ठेवा, चार-सहा दिवसांत पिकेल. आज खायला पिकलेला आंबा हवा असेल तर आमच्याकडे तो नाही. ऑर्डरसाठी प्रोफाइलवरची लिंक दाबा.’

भावासोबत तारीख दिली म्हणजे जुना भाव दाखवून कोणी वाद घालत नाही. ग्रॅम लिहिले, कारण दोन विक्रेत्यांच्या दोन डझनांत फळाच्या आकाराने बराच फरक पडतो, आणि स्वस्त दिसणारी पेटी बहुतेकदा लहान फळाची असते. ‘कार्बाइडमुक्त’ असं मी मुद्दाम लिहिलं नाही. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, आणि ‘आम्ही वापरत नाही’ असं वापरणाराही लिहितो. ‘फळ कडक येईल, घरी पिकेल’ हे वाक्य तेच सांगतं आणि ग्राहकाला ते स्वतः पडताळता येतं. शिवाय पेटी उघडल्यावर हिरवी फळं बघून येणारा घाबरा फोनही टळतो. कॅप्शनमध्ये लिंक चिकटवण्याचा मोह टाळा, तिथली लिंक दाबली जात नाही.

आता भरपाईची पोस्ट. इथे थोडं थांबायला हवं, कारण ती बहुतेक जण दुसऱ्याची बघून लिहितात. ‘पेटी मिळाल्यापासून 24 तासांत फोटो पाठवा, पैसे परत.’ कपड्याला, बरणीला हे चालेल. हापूसमध्ये साका निघतो, म्हणजे बाहेरून फळ सोन्यासारखं, आणि कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. तो बाहेरून ओळखता येत नाही, आणि आपण तर फळ कडक पाठवतोय, ते कापलं जाणार आठवड्याने. म्हणजे 24 तासांची हमी कागदावर उदार आणि प्रत्यक्षात निरुपयोगी. ज्याने दोन वर्षं आंबा मागवला आहे त्याला हे बरोबर कळतं, आणि त्याच्या नजरेत हमी देणाराच उतरतो.

हमी माल ज्या रीतीने बिघडतो त्या रीतीने लिहावी लागते: ‘वाहतुकीत दबलेलं किंवा कुजलेलं फळ असेल तर पेटी आली त्याच दिवशी फोटो पाठवा. साका कापल्यावरच कळतो, म्हणून त्यासाठी 10 दिवस. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे यूपीआयने परत. पेटीचे 24 भाग करून एका फळाचे पैसे मोजतो.’ ₹2,200 च्या पेटीत एका फळामागे साधारण ₹92 होतात. हे लिहिण्याआधी मागच्या हंगामात किती फळांची तक्रार आली ते वहीत बघा आणि तेवढा खर्च भावात धरा. नाहीतर मे महिन्यात तुम्हीच टाळाटाळ करू लागाल, आणि पिन केलेल्या पोस्टखाली टाळाटाळीची कॉमेंट आली की ती सगळ्यांना दिसते.

पिन करताना क्रम उलटा धरा. शेवटी पिन केलेली पोस्ट सगळ्यात आधी येते, म्हणून बागेची पोस्ट आधी, मग भरपाईची आणि भावाची शेवटी. प्रोफाइलच्या जाळीत चित्राच्या कडा कापल्या जातात, तेव्हा चित्रावरची अक्षरं मध्यभागी ठेवा आणि दुसऱ्याच्या फोनवर एकदा बघून घ्या.

लिंकचं पान

इन्स्टाग्राम आता बायोत पाचपर्यंत लिंक देऊ देतं. एकापेक्षा जास्त घातल्या की पहिली दिसते आणि बाकीच्या तिच्यामागे दडतात. त्यामुळे पहिला प्रश्न असा, की वेगळं लिंकचं पान हवंच का? सगळे ग्राहक एकच गोष्ट करणार असतील, म्हणजे व्हॉट्सॲपवर पेटी मागवणार असतील, तर तीच लिंक थेट बायोत द्या. मध्ये पान घातलं की एक टप्पा वाढतो आणि प्रत्येक टप्प्यावर काही जण गळतात. पान लागतं ते दोन तऱ्हेचे ग्राहक असले की. आपल्या बागेला घरगुती पेटीवाले आहेत आणि सोसायटीसाठी एकदम दहा-वीस पेट्या घेणारेही आहेत. त्यांचा भाव वेगळा, बोलणं वेगळं. म्हणून पान करू.

पानाच्या डोक्यावर बायोतलाच फोटो आणि बायोतलीच पहिली ओळ. वेगळं काही दिसलं की माणसाला शंका येते, आपण भलतीकडे तर आलो नाही ना. आणि आंब्याच्या दिवसांत दुसऱ्यांचे फोटो चोरून आगाऊ पैसे उकळणारी खोटी खाती निघतात, त्यामुळे ही शंका रास्त आहे. मग बटणं, तीनच. ‘पेटी मागवा (व्हॉट्सॲप उघडेल)’, ‘सोसायटीसाठी 10 पेट्यांपासून’, ‘तुमच्या पिनकोडला येते का ते पाहा’. बटणावर ‘इथे क्लिक करा’ किंवा ‘संपर्क’ लिहू नका, दाबल्यावर काय होणार ते लिहा. यूट्यूब, फेसबुक, दुसरं इन्स्टा खातं यांच्या लिंका इथे नकोत. मागवायला आलेल्या माणसाला परत व्हिडिओ बघायला कशाला पाठवायचं?

बटणांखाली एक ओळ जरूर घाला: ‘पैसे पाठवताना यूपीआयमध्ये अमुक नाव दिसेल.’ बागेचं नाव एक आणि बँक खातं सासऱ्यांच्या नावावर, असं घरोघरी असतं. पैसे पाठवताना अनोळखी नाव दिसलं की माणूस तिथेच थांबतो, आणि तो का थांबला हे तुम्हाला कधी कळत नाही. क्यूआर कोडचं चित्र मात्र पानावर ठेवू नका. लोक हे पान मोबाइलवरच बघतात, स्वतःच्याच पडद्यावरचा क्यूआर स्कॅन करायला त्यांच्याकडे दुसरा मोबाइल नसतो. शिवाय पेटी कोणत्या वारी जाईल हे ठरण्याआधी पैसे घेऊच नयेत.

आता खरं काम करणारी गोष्ट, पहिल्या बटणामागची लिंक. व्हॉट्सॲप नुसतं उघडलं तर माणूस ‘हाय’ लिहितो, आपण ‘नमस्कार’ लिहितो, आणि पत्ता कळेपर्यंत दहा मेसेज होतात. त्याऐवजी मजकूर आधीच भरून देता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=हापूस%20(इन्स्टा)%0Aपेट्या:%0Aपिनकोड:%0Aवार:
```

नंबर देशाच्या 91 सकट, पण अधिक चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा न ठेवता लिहायचा. `%20` म्हणजे मोकळी जागा, `%0A` म्हणजे नवी ओळ. हे हाताने जमत नसेल तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये शॉर्ट लिंकची सोय आहे, तिथे मजकूर टाकला की लिंक तयार मिळते. ग्राहकाला फक्त पेट्या, पिनकोड आणि वार भरायचा उरतो. नाव आणि पूर्ण पत्ता पहिल्याच मेसेजमध्ये मागू नका, ते नक्की झाल्यावर. मजकुरातला ‘इन्स्टा’ शब्द आपल्यासाठी आहे. सोसायटीच्या बटणाला ‘सोसायटी’ आणि पेटीवरच्या चिठ्ठीतल्या लिंकला ‘पेटी’ असा वेगळा शब्द ठेवला, की ऑर्डर कुठून आली ते विचारावं लागत नाही.

व्हॉट्सॲपऐवजी गुगल फॉर्म ठेवायचा असेल तर एक ध्यानात असू द्या. इन्स्टाग्राम लिंक स्वतःच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. फॉर्ममध्ये फाइल जोडायला सांगितली किंवा एका माणसाला एकच उत्तर अशी अट घातली, तर गुगलचं लॉगिन मागितलं जातं, आणि त्या आतल्या ब्राउझरमध्ये लॉगिन अडतं. मालकाच्या फोनवर सगळं नीट चालतं, कारण तो फॉर्म आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये तपासतो. तपासायचं तर शेजाऱ्याच्या फोनवर, इन्स्टातूनच आत जाऊन.

अडतंय कुठे

प्रोफेशनल खात्याला इनसाइट्समध्ये दोन आकडे दिसतात: प्रोफाइलवर किती भेटी झाल्या आणि `External link taps`, म्हणजे लिंक किती वेळा दाबली गेली. तिसरा आकडा व्हॉट्सॲपवर ‘इन्स्टा’ शब्द शोधून मिळतो आणि चौथा पक्क्या ऑर्डरींचा. समजा एका आठवड्यात 800 भेटी, 16 दाबण्या, 14 मेसेज आणि 9 ऑर्डरी झाल्या. इथे लिंकचं पान आणि तुमचं बोलणं दोन्ही ठीक आहे, माणसं वरच गळतायत. बायो किंवा भावाची पोस्ट बघा. 800 भेटी, 90 दाबण्या आणि 12 मेसेज असतील तर अडचण पानावर आहे: बटण कळत नाही, पान उघडायला वेळ लागतो किंवा लिंकच चुकली आहे. मेसेज 80 आणि ऑर्डरी 9 असतील तर चॅट वाचा. लोक भावाला अडले, वाराला अडले की पिनकोडला, ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि ज्या प्रश्नापुढे रेघा वाढल्या त्याचं उत्तर वर कुठेतरी नीट सांगितलेलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठवडाभर थांबा. त्याच आठवड्यात एखादी रील मुंबईबाहेर जोरात चालली तर भेटी फुगतील आणि दाबण्याचं प्रमाण पडेल, त्यावरून बायो वाईट ठरवू नका.

जूनमध्ये पाऊस लागला आणि शेवटची पेटी गेली, की त्याच संध्याकाळी तिन्ही जागा बदलायच्या. बायोतली दुसरी ओळ ‘यंदाचा हंगाम संपला. पुढच्या एप्रिलसाठी नाव नोंदवा’, भावाची पोस्ट पिनमधून काढलेली, आणि लिंकच्या पानावर एकच बटण. त्यामागच्या मेसेजमध्ये ‘यादी’ हा शब्द आणि पिनकोडची मोकळी जागा. मार्च अखेरीस पहिल्या काढणीचा अंदाज आला, की याच यादीला सगळ्यात आधी मेसेज जातो. नंबर मात्र त्याआधी ग्राहकांना सेव्ह करायला सांगा, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचते.